लसीकरणानंतर तान्ह्या बालकाला येणारा ताप : पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत काय करावे, काय टाळावे

लसीकरण सत्राहून घरी आणलेले तान्हे बालक त्याच दिवशी संध्याकाळी किरकिरू लागते, त्याचे अंग तापते आणि दुपटे बदलताना मांडीला हात लागताच ते कळवळून रडते. हा अनुभव देशातील असंख्य घरांत दर महिन्याला येतो. बहुतांश बालकांच्या बाबतीत हा त्रास एक ते दोन दिवसांत आपोआप नाहीसा होतो. मात्र याच काळात दोन प्रकारच्या चुका घडतात. काही पालक साध्या तापाने घाबरून पुढील मात्रा देण्याचे टाळतात, तर काही पालक वेगळ्याच आजाराचा ताप लसीचा समजून रुग्णालयात जाण्यास उशीर करतात. यांपैकी दुसरी चूक अधिक घातक ठरू शकते. ती टाळण्यासाठी प्रत्येक लसीच्या तापाला स्वतःचे ठरावीक वेळापत्रक असते, ही एक बाब पालकांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ताप कोणत्या लसीमुळे येतो

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बालकाला सहा, दहा आणि चौदा आठवडे पूर्ण झाल्यावर पंचसंयुक्त अर्थात पेंटाव्हॅलंट लस दिली जाते. डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडू या राज्यांपासून या लसीचा कार्यक्रमात समावेश झाला व पुढे ती देशभर देण्यात येऊ लागली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ प्रकारची कावीळ आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी या जीवाणूमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर यांसारखे आजार यांपासून ती संरक्षण देते. ही सुई बालकाच्या डाव्या मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचली जाते.

या लसीतील डांग्या खोकल्याचा घटक संपूर्ण परंतु मृत जीवाणूंपासून बनविलेला असतो. त्या जीवाणूंच्या आवरणातील द्रव्यांना शरीराची प्रतिकारयंत्रणा जोरकस प्रतिसाद देते आणि त्यातूनच ताप येतो. लसीचा परिणाम वाढविण्यासाठी तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षारही अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. टोचलेल्या जागी येणारी सूज, लाली व दुखरेपणा यांमागे त्याचाही वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार या प्रकारच्या लसीनंतर निम्म्यापर्यंत बालकांना ताप येऊ शकतो आणि तितक्याच प्रमाणात टोचलेल्या जागी वेदना वा सूज आढळते. अर्थात, ज्या बालकाला ताप आला नाही त्याला लस लागू पडली नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

खासगी दवाखान्यांत मिळणाऱ्या काही लसींमध्ये डांग्या खोकल्याच्या जीवाणूचे केवळ निवडक अंश असतात. त्यांच्यामुळे ताप व वेदना तुलनेने कमी होतात. परंतु त्यांनी मिळणारे संरक्षण लवकर ओसरते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

तापाचे वेळापत्रक

पंचसंयुक्त लसीचा ताप बहुधा लसीकरणाच्या दिवशीच, काही तासांत सुरू होतो. पहिल्या रात्री तो सर्वाधिक जाणवतो आणि साधारणतः ४८ तासांच्या आत उतरतो. मांडीचा दुखरेपणाही याच काळात कमी होतो. टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी कडक, न दुखणारी गाठ मात्र काही आठवडे राहू शकते. ती हळूहळू विरघळते आणि तिच्यावर कोणत्याही उपचाराची गरज नसते.

नवव्या महिन्यात उजव्या दंडावर दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला लसीचे वेळापत्रक याहून वेगळे आहे. त्या लसीतील विषाणू जिवंत पण दुर्बल केलेले असतात व शरीरात त्यांची वाढ होण्यास काही दिवस लागतात. त्यामुळे तिचा ताप पहिल्या रात्री न येता साधारणपणे सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो आणि त्यासोबत अंगावर बारीक पुरळही उठू शकते. हा ताप एक-दोन दिवस टिकतो.

जन्मानंतर डाव्या दंडावर टोचल्या जाणाऱ्या बीसीजी लसीने सहसा ताप येतच नाही. काही आठवड्यांनी त्या जागी पुटकुळी येते, ती फुटून लहानशी जखम होते व अखेरीस वण राहतो. हा त्या लसीचा अपेक्षित क्रम आहे. त्या जखमेवर मलम, पावडर किंवा हळद लावू नये आणि ती दाबून फोडू नये.

या तीन उदाहरणांवरून एक साधा नियम हाती येतो. पंचसंयुक्त लसीनंतर तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर नव्याने आलेला ताप हा लसीचा ताप मानू नये. त्याचप्रमाणे पहिल्या दिवशी आलेला ताप ४८ तासांनंतरही टिकून असेल, तर त्याचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे.

एका बालिकेचे उदाहरण

दहा आठवड्यांची, पाच किलो वजनाची एक निरोगी बालिका आहे, असे समजू या. बुधवारी सकाळी अकरा वाजता तिला पंचसंयुक्त लसीची दुसरी मात्रा डाव्या मांडीत देण्यात आली आणि पोलिओ व रोटाव्हायरस लसींचे थेंबही पाजण्यात आले.

लस दिल्यानंतर पहिली तीस मिनिटे बालिकेला लसीकरण केंद्रावरच थांबविणे आवश्यक असते. लसीची तीव्र ॲलर्जी अत्यंत विरळ, साधारणतः दहा लाख मात्रांमागे एखाद्या बालकाला होणारी घटना आहे. परंतु ती झाल्यास बहुधा काही मिनिटांतच दिसते आणि तिच्यावरील ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन लगेच द्यावे लागते. याच अर्ध्या तासात आईने बालिकेला अंगावर पाजल्यास सुईची वेदनाही लवकर शमते. शक्य असल्यास सुई टोचताना बालिकेला मांडीवर घेऊन स्तनपान सुरू ठेवावे.

सायंकाळी सहाच्या सुमारास बालिका किरकिर करू लागली. आजीने कपाळाला हात लावून अंग गरम असल्याचे सांगितले. हाताच्या स्पर्शावरून तापाचा अंदाज चुकू शकतो, म्हणून डिजिटल थर्मामीटरचे टोक काखेत त्वचेला लागून ठेवावे, बालिकेचा हात अंगाशी धरून ठेवावा आणि यंत्राचा आवाज होईपर्यंत थांबावे. या बालिकेचे तापमान ३८.२ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे १००.८ अंश फॅरेनहाइट भरले. ती दूध नेहमीप्रमाणे ओढत होती, डोळे उघडून पाहत होती व कडेवर घेतल्यावर शांत होत होती. अशा स्थितीत घरीच काळजी घेणे पुरेसे असते.

सर्वप्रथम तिच्या अंगावरील जादा दुपटी, स्वेटर व टोपरे काढून एक सुती झबले ठेवावे. तापलेल्या बालकाला गुंडाळून ठेवल्याने ताप आणखी वाढतो. दूध वारंवार, थोडे थोडे पाजावे. सहा महिन्यांखालील बालकाला तापातही वरचे पाणी, साखरपाणी किंवा घुटी देण्याची गरज नसते, कारण आईच्या दुधातूनच त्याला पुरेसे पाणी मिळते. दुखऱ्या मांडीवर स्वच्छ सुती फडके साध्या गार पाण्यात भिजवून, पिळून, काही मिनिटे हलकेच ठेवावे. बर्फ थेट त्वचेवर लावू नये. गरम शेक देणे, तेलाने चोळणे, हळद-चुना किंवा वेदनाशामक बाम लावणे या गोष्टी टाळाव्यात. चोळल्याने सूज वाढते, तर लेपामुळे तान्ह्याची कोवळी त्वचा भाजण्याचा किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. ताप उतरविण्यासाठी थंड पाण्याने अंग पुसणेही योग्य नाही. त्याने बालक कुडकुडते आणि शरीरातील उष्णता उलट वाढू शकते.

पॅरासिटामॉलचे मोजमाप

बालिका वेदनेने अस्वस्थ असेल व दूध पिताना त्रासत असेल, तर पॅरासिटामॉल देता येते. या औषधाची मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते. एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम इतकी असते. त्यानुसार पाच किलोच्या बालिकेला एका वेळी ५० ते ७५ मिलिग्रॅम औषध पुरते.

येथेच घरोघरी चूक घडते. बाजारात तान्ह्यांसाठी मिळणाऱ्या अनेक थेंबांच्या औषधात एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. मोठ्या मुलांसाठीच्या एका प्रचलित सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये केवळ २५ मिलिग्रॅम असते, तर दुसऱ्या सिरपमध्ये याच्या दुप्पट, पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असते. म्हणजेच या बालिकेला थेंबांच्या औषधाचे ०.५ ते ०.७५ मिलिलिटर पुरते, तर १२५ मिलिग्रॅमच्या सिरपचे २ ते ३ मिलिलिटर लागते. शेजारणीने तिच्या मुलाच्या सिरपवरून सांगितलेले ‘अडीच मिलिलिटर’ जर थेंबांच्या बाटलीतून दिले गेले, तर बालिकेच्या पोटात २५० मिलिग्रॅम औषध जाईल. हे प्रमाण एका वेळच्या कमाल मात्रेच्या तिपटीहून अधिक आहे. वारंवार अशी अतिमात्रा दिल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

म्हणून बाटलीवरील मिलिग्रॅम व मिलिलिटर हे दोन्ही आकडे वाचावेत आणि औषध चहाच्या चमच्याने न मोजता बाटलीसोबतच्या ड्रॉपरने किंवा सुईविरहित सिरिंजने मोजावे. इतक्या लहान बालिकेला दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवणे सुरक्षित ठरते. तिसऱ्या मात्रेची गरज भासल्यास प्रथम डॉक्टरांना विचारावे. दिलेली वेळ व मात्रा कागदावर लिहून ठेवल्यास घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा औषध दिले जाण्याची चूक टळते.

दोन महिन्यांखालील बालकाला, म्हणजे सहा आठवड्यांच्या पहिल्या मात्रेच्या वेळी, हे औषधही डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेने वजन पाहून मात्रा सांगितल्याशिवाय देऊ नये. या वयात ताप हे गंभीर जंतुसंसर्गाचे एकमेव लक्षण असू शकते. त्यामुळे काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक भरल्यास, ते लसीच्या दिवशी का असेना, आरोग्यसेविकेला अथवा डॉक्टरांना त्याच वेळी कळवावे.

ताप येण्याआधीच, केवळ खबरदारी म्हणून, पंचसंयुक्त लसीसोबत पॅरासिटामॉल देण्याची प्रथाही योग्य नाही. चेक प्रजासत्ताकात ४५९ बालकांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की लसीकरणाच्या वेळीच पॅरासिटामॉल दिलेल्या बालकांमध्ये ताप कमी आला, परंतु काही लसींमुळे तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचे प्रमाणही घटले. ताप आल्यावर बालकाच्या आरामासाठी औषध देणे आणि तापाची वाट न पाहता ते पाजणे, यांत म्हणूनच फरक करावा लागतो.

पॅरासिटामॉलखेरीज अन्य तापनाशक औषधे तान्ह्यांना घरच्या घरी देऊ नयेत. ॲस्पिरिनमुळे मुलांमध्ये यकृत व मेंदूला इजा करणारा विरळ पण प्राणघातक विकार उद्भवू शकतो. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. सहा महिन्यांखालील बालकाला आयब्युप्रोफेनही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

उदाहरणातील बालिकेला सायंकाळी सात वाजता ०.६ मिलिलिटर थेंबांचे औषध, म्हणजे ६० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिले गेले. रात्री दोन वाजता ताप पुन्हा ३८ अंशांवर गेला व ती दूध पिताना रडू लागली, म्हणून तेवढीच दुसरी मात्रा देण्यात आली. गुरुवारी दिवसभर ती थोडी चिडचिडी होती, पण दूध पीत होती. शुक्रवारी सकाळी तापमान ३६.८ अंश होते व डावा पाय ती उजव्याइतकाच मोकळेपणाने झाडत होती. लसीच्या तापाचा हा नेहमीचा प्रवास आहे.

धोक्याची लक्षणे कशी ओळखावीत

तापाच्या आकड्यापेक्षा बालकाच्या वागण्याला अधिक महत्त्व आहे. ३८.५ अंश ताप असूनही दूध पिणारे, आईकडे पाहणारे बालक सहसा धोक्यात नसते. याउलट ३७.८ अंशच ताप असलेले, पण दूध न ओढणारे व हाक मारूनही डोळे न उघडणारे बालक धोक्यात असू शकते.

बालकाने दूध पिणे बंद केले, प्रत्येक वेळी पाजलेले सर्व उलटून टाकले, ते अतिशय सुस्त किंवा बेशुद्ध झाले, त्याचा श्वास वेगाने चालू लागला किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. बालक शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, तर दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बालकाचे ५० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे चिन्ह आहे. ३९ अंशांवर, म्हणजे १०२.२ अंश फॅरेनहाइटच्या वर गेलेला ताप, फुगलेली टाळू, दाबूनही न मावळणारे जांभळट डाग किंवा लघवी फारच कमी होणे, ही लक्षणेही थांबू देणारी नाहीत. चेहरा व ओठ सुजणे, अंगभर गांधी उठणे आणि श्वासात घरघर होणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. रोटाव्हायरस लसीनंतरच्या पहिल्या आठवड्यात बालक थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन कळवळत असेल, उलट्या करीत असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर आतड्याचा अडथळा असू शकतो.

आकडी आल्यास बालकाला एका कुशीवर निजवावे, तोंडात चमचा, पाणी वा औषध घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि आकडी किती वेळ टिकली हे पाहून ठेवावे. केवळ तापामुळे येणारी साधी आकडी सहा महिने ते पाच वर्षे या वयात आढळते. त्यामुळे सहा किंवा दहा आठवड्यांच्या बालकाला आलेली आकडी थांबली तरी ‘तापाची आकडी’ समजून घरी थांबू नये.

आणखी दोन विरळ घटना पालकांना अतिशय घाबरवितात. काही बालके लसीनंतर सलग तीन तासांहून अधिक वेळ, कशानेही शांत न होता, किंचाळत रडतात. क्वचित एखादे बालक पहिल्या दोन दिवसांत अचानक शिथिल व फिकट पडते आणि काही वेळ प्रतिसाद देत नाही. या दोन्ही घटनांतून बालके सहसा कोणतेही कायमचे व्यंग न राहता सावरतात. तरीही गंभीर आजार नाही याची खात्री डॉक्टरांनीच करावयाची असते.

मांडी किंवा दंडाच्या बाबतीत, सूज जवळच्या सांध्यापलीकडे पसरणे, लाली व वेदना तीन दिवसांहून अधिक टिकणे, किंवा काही दिवसांनी ती जागा गरम, मऊ होऊन पू जमणे, ही डॉक्टरांना दाखविण्याची कारणे आहेत. दोन दिवसांनंतरही बालक तो पाय वा हात अजिबात हलवीत नसल्यास त्याचीही तपासणी व्हावी.

‘लसीचाच ताप’ या समजाचा धोका

याच वस्तीतील दुसऱ्या बालकाला त्याच बुधवारी लस मिळाली, असे समजू या. त्याला पहिले दोन दिवस काहीच त्रास झाला नाही. रविवारी मात्र त्याला ताप आला, दूध कमी झाले आणि श्वास मिनिटाला ६२ पर्यंत गेला. घरच्यांनी ‘लस दिली आहे, येणारच ताप’ असे म्हणून सोमवारपर्यंत वाट पाहिली, तर न्यूमोनियासारख्या आजारावरील प्रतिजैविकांचे उपचार एक पूर्ण दिवस लांबतात. येथे लसीकरण व ताप यांच्यात चार दिवसांचे अंतर आहे. वेळापत्रकावरूनच हा ताप लसीचा नाही हे उघड होते आणि वाढलेला श्वास तातडीने रुग्णालयात जाण्यास सांगतो.

पुढील मात्रेचा निर्णय

साधा ताप, रडणे व दुखरी मांडी ही पुढील मात्रा टाळण्याची कारणे नाहीत. डांग्या खोकल्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक असतो आणि अपुऱ्या मात्रांनी संरक्षणही अपुरे मिळते. मात्र तीव्र ॲलर्जी झालेल्या बालकाला तीच लस पुन्हा देता येत नाही. आकडी, शिथिल पडणे किंवा दीर्घकाळ रडणे घडले असल्यास पुढील मात्रेपूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा लागतो.

यासाठी माता व बाल संरक्षण कार्ड रुग्णालयात व पुढील प्रत्येक सत्राला सोबत नेणे उपयुक्त ठरते. त्यावरून कोणती लस, कोणत्या तारखेला दिली हे डॉक्टरांना समजते. लसीनंतर गंभीर त्रास झाल्यास आरोग्यसेविकेला किंवा आशा कार्यकर्तीला कळवावे, जेणेकरून त्या घटनेची नोंद होऊन तिची चौकशी होऊ शकेल. कार्ड सोबत नसल्यास डॉक्टरांना किमान तीन गोष्टी सांगता याव्यात : लस कोणत्या दिवशी व किती वाजता दिली, ताप प्रथम केव्हा मोजला आणि बालकाने शेवटचे दूध नीट केव्हा घेतले.